फोन टाकीत पडला, आईचे व्हॉइस मेसेज परत मिळतील का? (मदत हवी आहे)

परदेशी_प्लंबर: शारजात प्लंबिंगचं काम करतो, गाव संगमेश्वर तालुक्यात. गच्चीवरच्या टाकीचा व्हॉल्व्ह बदलताना खिशातला फोन आत पडला. पाणी उपसून काढला तोवर बंद पडला होता. दुकानदाराने उघडून दाखवलं, चार्जिंगच्या तोंडापाशी बोर्डावर हिरवट थर धरलाय. "डेटा विसरा" म्हणाला.

इथे व्हॉट्सअ‍ॅपवर कॉल लागत नाही, म्हणून २०१८ पासून आई आणि मी व्हॉइस मेसेजवरच बोलायचो. तिला लिहिता येत नव्हतं. पहाटे गोठ्यातून बोलायची, मागे म्हैस हंबरायची. गेल्या वर्षी ती वारली. नवीन फोनवर नंबर टाकला, बॅकअप सापडत नाही. काही मार्ग आहे का?

सागर_पनवेल: मेमरीची चिप काढून दुसऱ्या बोर्डावर बसवतात. माझ्या मित्राने करून घेतलं होतं.

बोर्डवाला_पुणे: जुन्या फोनमध्ये व्हायचं ते. आता मेमरीतला डेटा त्याच फोनच्या प्रोसेसरशिवाय उघडत नाही, नुसती चिप काढली तर हाती काही लागत नाही. तोच बोर्ड साफ करून, गंजलेले भाग बदलून एकदा सुरू करावा लागतो. दादा, तोवर चार्जर लावू नका. ओल्या बोर्डात करंट गेला की गंज झपाट्याने वाढतो.

पण आधी सांगा, आईंचा फोन कुठे आहे? तिथेही तेच मेसेज असणार.

मीनल७: माझे पण सगळे फोटो गेले होते, गूगल फोटोजमध्ये मिळाले. तिथे बघा ना.

परदेशी_प्लंबर: ताई, फोटो नाहीत, आवाज हवाय. आईचा फोन वहिनीने कपाटात जपून ठेवलाय. सिम बंद आहे, पण चार्ज होतोय म्हणते.

बोर्डवाला_पुणे: वहिनींना सांगा, वाय-फाय बंद ठेवा. व्हॉट्सअ‍ॅप उघडू नका, अपडेट करू नका, काढून तर अजिबात टाकू नका. फाइल मॅनेजरमधून इथे जा:

```
Android/media/com.whatsapp/WhatsApp/Media/WhatsApp Voice Notes
```

तिथे नाही दिसलं तर बाहेरच्या `WhatsApp` फोल्डरमध्ये `Media` बघा. आत आठवड्याचे फोल्डर असतात, `202132` म्हणजे २०२१चा बत्तिसावा आठवडा. पाठवलेले आणि आलेले मेसेज एकत्रच असतात. फाइलच्या नावात तारीख असते, माणसाचं नाव नसतं, त्यामुळे ऐकूनच वेगळे करावे लागतील. अख्खा फोल्डर केबलने लॅपटॉपवर घ्या.

परदेशी_प्लंबर: पुतण्याने बघितलं. २०२० पासूनचे फोल्डर आहेत, एक मेसेज लावून मला ऐकवला. आईच होती. लॅपटॉप उद्या शेजाऱ्यांकडून आणतोय. २०१८-१९चे मात्र नाहीत. मधे जागा भरली म्हणून कोणीतरी जुनं काढलं होतं म्हणे.

बोर्डवाला_पुणे: मग ती दोन वर्षं तुमच्या बोर्डातच आहेत. निघतील की नाही, बोर्ड बघितल्याशिवाय सांगता येणार नाही.

परदेशी_प्लंबर: चालेल. शारजा-दुबईत बोर्डाचं काम करणारा खात्रीचा माणूस कोणाला माहीत आहे का? नाहीतर गावी येणाऱ्या कोणाबरोबर फोन पुण्याला पाठवतो.