शब्दचर्चा : लक्षण ‘अपेक्षित’ आहे, म्हणजे नेमके काय?

सुनेत्रा : अमेरिकेत परिचारिका म्हणून परवाना मिळवण्यासाठी द्याव्या लागणाऱ्या एनक्लेक्स परीक्षेची तयारी करणाऱ्या परिचारिकांसाठी मी मराठीत टिपणे लिहीत आहे. ‘या चौघांपैकी कोणत्या रुग्णाकडे आधी जावे’ अशा प्रश्नांसाठी मी लिहिले की, ज्याची लक्षणे अपेक्षित आहेत तो रुग्ण मागे ठेवावा. पण मराठीत आपण ‘अपेक्षित यश’ म्हणतो, त्यामुळे विद्यार्थिनी ‘अपेक्षित’ म्हणजे ‘चांगले’ असे समजतात आणि वेदनेने कण्हणारा रुग्ण त्या गटात कसा, असे विचारतात. नमुन्याचा प्रश्न असा आहे : सीओपीडी या फुप्फुसांच्या दीर्घकालीन आजाराचा जुना रुग्ण, रक्तातला ऑक्सिजन ९० टक्के; काल अपेंडिक्स काढलेला तरुण, वेदना दहापैकी सात; मधुमेही आजोबा, जेवणाआधी साखर २१०; आणि काल सकाळी संपूर्ण थायरॉइड ग्रंथी काढलेल्या बाई, ज्यांच्या ओठांभोवती आणि बोटांना मुंग्या येत आहेत. येथे कोणता शब्द वापरावा?

अनिकेत : माझ्या मते येथे शब्दाची अडचणच नाही. श्वसनमार्ग, श्वास, रक्ताभिसरण हा क्रम ठरलेला आहे. ९० टक्के ऑक्सिजन हा श्वासाचा प्रश्न आहे, म्हणून सीओपीडीच्या रुग्णाकडे आधी जावे. मुंग्या तर हात अवघडला तरी येतात.

मालती : अनिकेत, क्रम तुम्ही बरोबर सांगितला, पण तो आकड्याला लावला, रुग्णाला नाही. सीओपीडीच्या बहुतेक रुग्णांमध्ये आपण ऑक्सिजन ८८ ते ९२ टक्क्यांच्या दरम्यानच ठेवतो, त्यामुळे ९० हा आकडा त्यांच्या आजाराला धरून आहे. हाच रुग्ण आज एकाएकी गुंगीत गेला असता किंवा त्याला वाक्य पुरे करता येत नसते, तर गोष्ट वेगळी होती. त्या बाईंच्या मुंग्या मात्र साध्या नाहीत. थायरॉइडला चिकटून असलेल्या पॅराथायरॉइड ग्रंथींना शस्त्रक्रियेत धक्का लागला, तर पहिल्या दोन-तीन दिवसांत रक्तातले कॅल्शियम उतरते. आधी ओठांभोवती मुंग्या येतात, मग हातापायांत गोळे येतात, आणि ते वेळीच ओळखले नाही तर स्वरयंत्राचे स्नायू आवळून श्वास अडू शकतो. म्हणजे तुमच्याच क्रमाने पाहिले तरी श्वसनमार्गाचा धोका त्या बाईंना आहे. तो अजून आकड्यात उतरलेला नाही, एवढेच.

वॉर्डमध्ये मी अशा रुग्णाजवळ गेले की आधी त्यांना बोलते करीत असे, कारण आवाज घोगरा झाला आहे का आणि श्वास आत घेताना घरघर होते का, हे दोन वाक्यांत कळते. मग हात मानेच्या मागे घालून पाहत असे. रुग्ण उताणा असल्याने पट्टी समोरून कोरडी दिसते आणि रक्त मात्र मागे उशीकडे ओघळलेले असते. त्यानंतर कानासमोर गालावर बोटाने हलके टिचकी मारून ओठाचा कोपरा उडतो का ते पाहायचे, डॉक्टरांना कळवायचे आणि शिरेतून द्यायचे कॅल्शियम ग्लुकोनेट हाताशी ठेवायचे.

राजेंद्र : मी वैद्यकीय क्षेत्रातला नाही. माझ्या आईला याच शस्त्रक्रियेनंतर मुंग्या आल्या, तेव्हा शेजारच्या खाटेवरचा रुग्ण वेदनेने ओरडत असूनही सिस्टर आधी आईकडे आल्या. आमची ओळख असल्यामुळे आल्या, असाच माझा समज होता. पण अपघात विभागात कोणाला आधी पाहायचे हे कळावे म्हणून रुग्णांना लाल-पिवळ्या पट्ट्या लावतात, तसेच येथेही करता येणार नाही का?

मालती : राजेंद्रजी, त्या पट्ट्या एकदम अनेक जखमी आले की उपयोगी पडतात. येथे चौघेही आधीपासून दाखल आहेत आणि प्रत्येकाचा आजार परिचारिकेला ठाऊक आहे. म्हणून ‘कोण जास्त आजारी’ यापेक्षा ‘कोणाच्या बाबतीत नवे काही घडते आहे’ हे विचारायचे असते. आणि ओरडणाऱ्या रुग्णाला वेदनाशामक लवकर मिळालेच पाहिजे, त्याबद्दल वाद नाही.

सुनेत्रा : मालतीताई, ‘आजाराला धरून’ हा तुमचा शब्दप्रयोग मी उचलते. ‘आजाराला धरून असलेले लक्षण’ आणि ‘आजाराला सोडून आलेले लक्षण’ असे लिहिले, तर चांगल्या-वाईटाचा प्रश्नच उरत नाही. अपेंडिक्सच्या रुग्णाची वेदना पहिल्या गटात जाते.

अनिकेत : माझा मुद्दा मी मागे घेतो, पण एक शंका आहे. कॅल्शियम उतरणे हीसुद्धा थायरॉइडच्या शस्त्रक्रियेनंतर ठाऊक असलेलीच गुंतागुंत आहे. मग तीही ‘धरून’च झाली की!

मालती : शंका रास्त आहे. गुंतागुंत ठाऊक असते, पण सुरळीत बरे होण्याच्या वाटेवर ती नसते. मी भेद तेथे करते. तरी नव्या मुलींना ‘धरून’मध्ये दोन्ही अर्थ ऐकू येतील, हे खरे.

सुनेत्रा : मग याच प्रश्नात पाचवा रुग्ण घालून पाहा : पायाला प्लास्टर, मॉर्फिन देऊनही वेदना वाढतच आहेत आणि बोटे नुसती हलवली तरी तो किंचाळतो. प्लास्टरच्या आत दाब वाढला असेल, तर काही तासांत स्नायू मरतात.

मालती : मी तरीही आधी बाईंकडेच जाईन, कारण पायापेक्षा श्वास मोठा, पण जाता जाता सहकारी परिचारिकेला त्या पायाकडे पाठवीन.

अनिकेत : परीक्षेत सहकारी मिळत नाही, ताई. बाईंचा श्वास अजून मोकळा आहे आणि त्याचा पाय आत्ताच धोक्यात आहे, म्हणून मी प्लास्टर निवडीन.