उत्तर: ट्रान्सपोर्टवाल्याची भरपाईची मर्यादा

> अंबडहून नागपूरला ६०,००० चा पॅनल पाठवला, फुटून पोचला. भाडं ९०० होतं. ट्रान्सपोर्टवाला म्हणतो, ९,००० च मिळतील. खरं आहे का?

आकडा त्याने मनाने काढलेला नाही. २००७ च्या रस्ते मालवाहतूक कायद्याखालच्या २०११ च्या नियमांत भाड्याच्या दहापट अशी मर्यादा आहे, म्हणून ९,०००. बुकिंगच्या वेळी जादा जोखमीचा दर कबूल केला असेल तरच ती उठते. नुसतं बिल सोबत जोडलं म्हणून उठत नाही. इथेच बहुतेक जण फसतात. म्हणून बिल्टीवर तसा दर लावलाय का, ते आधी बघा.

नुकसान त्याच्या निष्काळजीपणामुळेच झालं, हे तुम्हाला सिद्ध करावं लागत नाही. मात्र दाव्याआधी लेखी नोटीस हवी, तीही बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांत. माल पोचल्यापासून मोजलंत तर चुकाल. फोन, व्हॉट्सअ‍ॅपवर विसंबू नका. बिल्टी क्रमांक, नुकसान आणि मागणीची रक्कम लिहून पोचपावतीसह स्पीड पोस्टाने पाठवा. नागपूरच्या माणसाने डिलिव्हरीच्या कागदावर ‘खोका फुटलेला’ असा शेरा मारलाय का? कोरी सही असेल तर माल धड पोचला होता, असं म्हणायला ट्रान्सपोर्टवाल्याला वाव मिळतो. फोटो आणि फुटका खोका जपून ठेवा.

ट्रान्झिट विमा असेल तर विमा कंपनीला लगेच कळवा, पण ही नोटीस तरीही द्याच.