रेषा कुठे उंचावते ते बघा

«व्हिडिओ चांगला चालला. त्यातला कुठला भाग ब्लॉगला, कुठला कॅरोसेलला, कुठला ऑडिओला घ्यायचा?»

यूट्यूब स्टुडिओतला रिटेन्शनचा आलेख उघडा, म्हणजे व्हिडिओच्या कुठल्या क्षणी किती प्रेक्षक टिकले ते दिसेल. माझ्या पुरणपोळीच्या व्हिडिओत पुरण आटवताना रेषा उंचावली होती, म्हणजे लोक मागे जाऊन तेच पुन्हा बघत होते. (कधी आवाज अस्पष्ट असला तरी असं होतं, आधी तो भाग स्वतः ऐका.) पुरणात उलथनं उभं राहतं ही खूण डोळ्यांना दिसावी लागते, म्हणून ती कॅरोसेलला दिली, एका चित्रात एकच पायरी. डाळ-गुळाचं प्रमाण आणि पोळी फुटण्याची कारणं ब्लॉगला, कारण ती लोक शोधतात. आजीच्या आठवणींपाशी रेषा सपाट होती, म्हणजे लोक मध्येच न सोडता ऐकत होते, आणि तिथे बघण्यासारखं फारसं नव्हतं. तो भाग ऑडिओला. फक्त ‘हे बघा, असं’ ही वाक्यं पुन्हा रेकॉर्ड करावी लागली.