केवळ शीर्षक आणि विषय हाती असताना गीताचा कच्चा आराखडा कसा करता? (अनुभव धागा)

एकतारी
गीत लिहायला बसताना अनेकदा हाती एक शीर्षक आणि एक विषय एवढेच असते. त्यातून एखादी कथा उलगडावी तसा मुखड्याचा आणि अंतऱ्यांचा आराखडा आपण कसा करता, ते येथे लिहावे. सुरुवात मी करते.

माझ्याकडे शीर्षक होते 'परतीचे तिकीट' आणि विषय होता कामासाठी घर सोडून दूर गेलेला माणूस. विषय असा पसरट असला की पहिल्या अंतऱ्यात आठवणी येतात, दुसऱ्यातही आठवणीच येतात आणि तिसऱ्यात डोळ्यांत पाणी येते. गीत जागचे हलत नाही. म्हणून यमकांकडे न वळता मी आधी तीन गोष्टी साध्या गद्यात लिहिल्या: बोलणारा कोण, तो कोणाशी बोलतो आहे आणि गीत संपताना त्याच्यासाठी काय बदललेले असेल. मुलगा आईशी बोलतो आहे आणि शेवटी त्याला उमगते की आपल्या परतण्याची दिशाच आता उलटी झाली आहे. हा शेवट ठरला आणि मागचे दुवे सापडत गेले.

पहिल्या अंतऱ्यात आईने काळजी करू नये म्हणून निघताना तो तिला परतीचे तिकीट दाखवतो. दुसऱ्यात तिकिटावरची तारीख उलटून गेली आहे, तिकीट पाकिटात तसेच आहे आणि फोनवर तो 'पुढच्या महिन्यात नक्की' असे म्हणतो. तिसऱ्यात तो घरी आला आहे, आई किती दिवस राहणार असे विचारते आणि त्याच्या खिशात पुन्हा परतीचेच तिकीट आहे, मात्र या वेळी घरापासून दूर नेणारे. मुखडा प्रत्येक वेळी तोच: 'परतीचे तिकीट आहे, आई, माझ्यापाशी.' पहिल्यांदा ते वचन वाटते, दुसऱ्यांदा सबब आणि शेवटी कबुली. एवढे गद्य कागदावर आल्याशिवाय मी एकही ओळ छंदात बांधत नाही.

मुसाफिर
पद्धत पटली. माझे तर ठाम मत आहे की कथेला आरंभ, मध्य आणि शेवट असतो, त्यामुळे अंतरे तीनच हवेत आणि कलाटणी नेहमी तिसऱ्यातच यायला हवी.

पारिजात
मी शीर्षकावरून गझल लिहिते. माझ्याकडे प्रत्येक शेर स्वतंत्र असतो आणि एक रदीफ सगळ्यांना बांधून ठेवते, त्यामुळे असा आराखडा मला कधी लागलाच नाही.

काजवा
पारिजात, आपला अनुभव मोलाचा आहे, पण येथे प्रश्न अंतऱ्यांमधून पुढे सरकणाऱ्या गीताचा आहे. गझलेतले शेर मागेपुढे केले तरी सहसा बिघडत नाही आणि हीच गोष्ट मी अशा गीताची परीक्षा म्हणून वापरतो. आराखड्यातल्या दुसऱ्या आणि तिसऱ्या अंतऱ्यांची अदलाबदल करून पाहावी. काहीच खटकले नाही, तर आपण कथा लिहिलेली नसून एकाच भावनेची तीन वर्णने लिहिली आहेत, असे समजावे. 'परतीचे तिकीट' या परीक्षेत उतरते, कारण तारीख उलटण्याआधी तो घरी पोहोचला तर दुसऱ्या अंतऱ्यातली सबब उरतच नाही.

मुसाफिर, आपले म्हणणे अर्धे बरोबर आहे. तीन टप्पे हवेत, पण आरंभ पुष्कळदा मुखडाच उरकतो आणि मग दोन अंतऱ्यांतही कथा पूर्ण होते. माझा खरा वेळ जातो तो अंतऱ्याच्या शेवटच्या ओळीवर, म्हणजे जी मुखड्यावर आणून सोडते त्या क्रॉस लाइनवर. मुखड्याचे शब्द तेच राहणार असतात, म्हणून त्यांना नवा अर्थ देण्याचे काम तिलाच करावे लागते. आराखड्यात मी प्रत्येक अंतऱ्यापुढे ही ओळ काय सांगणार ते आधी नोंदवतो. दुसऱ्या अंतऱ्यासाठी 'तारीख गेली, हे तो आईला सांगत नाही' अशी नोंद पुरे आहे. शिवाय एका अंतऱ्यात एकच घटना ठेवावी. ऐकणाऱ्याला पान उलटून मागे पाहता येत नाही आणि चार ओळींत दोन घटना कोंबल्या की दोन्ही निसटतात.

रानवारा
माझी अडचण वेगळी आहे. चाल आधी तयार होती, तिच्यात दोनच अंतरे बसत होते आणि माझा आराखडा मात्र तीन टप्प्यांचा होता. मी मधला टप्पा गाळला, तेव्हा शेवट अचानक आल्यासारखा वाटू लागला. अशा वेळी आपण काय गाळले असते?

काजवा
'परतीचे तिकीट'चेच उदाहरण घेतले, तर मी पहिला टप्पा गाळला असता आणि निघण्याचा प्रसंग मुखड्याच्या दोन ओळींत आणला असता. तारीख उलटण्याचा टप्पा गेला, तर शेवटची कबुली कशाची, हेच कळणार नाही.

एकतारी
मला हे पूर्ण पटलेले नाही. निघण्याचा प्रसंग मुखड्यात घातला, तर तो दर वेळी परत येईल आणि तिसऱ्या टप्प्यात, मुलगा घरी बसलेला असताना, ऐकणाऱ्याला पुन्हा निरोपाच्या क्षणी नेईल. मी पहिले दोन टप्पे एका अंतऱ्यात, दोन दोन ओळींत, बसवून पाहिले असते. एका अंतऱ्यात एकच घटना हा नियम मोडला असता, तरीही. रानवारा, आपण दोन्ही आराखडे त्याच चालीवर गुणगुणून पाहावेत आणि कोणता टिकला ते येथे कळवावे.