अनुभव धागा: आजार जात नाही, तेव्हा 'आजारी माणूस' म्हणून किती दिवस जगायचं?

मेधा: चार दिवसांच्या तापात सगळे सांभाळून घेतात. समाजशास्त्रज्ञ टॅल्कट पार्सन्सने १९५१ मध्ये हा अलिखित करार मांडला: आजाऱ्याला कामातून सूट आणि आजाराचा दोष नाही, बदल्यात त्याने बरं व्हायची धडपड करायची, डॉक्टरांचं ऐकायचं. र्‍हुमॅटॉइड संधिवातात हा करार कुठे तुटतो? तपशिलात लिहा.

सांधेदुखीवाला: सकाळी तुटतो. उठल्यावर तासाभराहून जास्त वेळ बोटं आखडलेली असतात, दुपारी बरीच मोकळी होतात. नऊ वाजता बाटलीचं झाकण न उघडणारा माणूस बाराला टाइप करताना दिसला, की सहकाऱ्यांना ते सोंग वाटतं. शिवाय मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं आणि गुण यायला साधारण ६ ते १२ आठवडे लागतात. "औषध चालू आहे ना, मग अजून कसं दुखतं?" हा प्रश्न त्याच काळात येतो.

निखिल_प: थोडक्यात, पार्सन्स जुनाट आजारांना लागूच नाही.

मेधा: अगदी तसं नाही. १९७५ मध्ये त्याने मधुमेहाचा दाखला देऊन म्हटलं, की बरं होता आलं नाही तरी आजार आटोक्यात ठेवणं हे रुग्णाचं काम उरतं. मला खुपतं ते पुढचं: मग साखर वाढली की लोक रुग्णालाच धारेवर धरतात. दोषमुक्ती गेली.

वर्षा: रजेसाठी दाखला कसा घ्यावा? चार दिवस विश्रांती लिहून मिळते.

सांधेदुखीवाला: रजा संपते, आजार नाही. वेळेची सवलत मागा. दोन आठवडे रोज दोनच नोंदी ठेवा: उठल्याची वेळ आणि मूठ पूर्ण मिटली ती वेळ. समजा शिक्षिका सहाला उठते, मूठ साडेआठला मिटते आणि शाळा साडेसातला भरते. तिने "तब्येत बरी नसते" म्हणू नये. पहिले दोन तास तोंडी, फळ्यावरचं लिखाण नंतर आणि तीन महिन्यांनी फेरविचार, असं मागावं. डॉक्टरांकडूनही तेवढंच लिहून घ्यावं. मोघम मागणीला मोघम दया मिळते, तीही महिनाभर.

अलका: आमच्या सासूबाईंना आम्ही कशालाच हात लावू देत नव्हतो. त्या गप्प झाल्या.

मेधा: ताई, हेतू चांगलाच होता, पण कामाबरोबर त्यांचा शब्दही गेला असेल. समाजशास्त्रज्ञ मायकेल बरीने १९८२ मध्ये र्‍हुमॅटॉइड संधिवाताच्याच रुग्णांवर लिहिताना दाखवलं, की दुखण्यासोबत पुढच्या आयुष्याचा आराखडाच मोडतो. काम सबंध काढून घेऊ नका. पिळणं, उचलणं तेवढं घ्या. कधी, काय, कसं हे त्यांनीच ठरवू दे.

निखिल_प: पण नोंदी साहेबांना दाखवल्या की बढतीच्या यादीतून नाव जातं, त्याचं काय?

सांधेदुखीवाला: जाऊ शकतं. म्हणून आधी निदानाचं नाव न सांगता फक्त वेळ मागून पाहावी. सगळीकडे चालत नाही. काही ठिकाणी निदानाशिवाय अर्जच घेत नाहीत.