मदत हवी आहे: कीर्तनाचं मिक्सर आणि रूम माइकचं रेकॉर्डिंग शेवटी जुळत नाही

नमस्कार मंडळी, कीर्तन मिक्सरच्या रेकॉर्ड आऊटमधून लॅपटॉपवर घेतो आणि हॉलचा आवाज वेगळ्या हँडी रेकॉर्डरवर, तो बुवांपासून साधारण 12 मीटरवर. मिक्सरमध्ये बुवांचा आवाज एकदम स्वच्छ येतो पण टाळ जवळजवळ नाहीतच, कारण टाळकऱ्यांना माइकच नसतो, आणि गजराला लोक जी साथ देतात ती तर फक्त रूम माइकमध्येच सापडते म्हणून दोन्ही मिसळावेच लागतात.

सुरुवातीला बुवांच्या माइकसमोर एक टाळी वाजवून घेतो, रूमची टाळी 35 मिलिसेकंद उशिरा दिसते, ती पुढे सरकवली की छान जुळतं. पण दोन तासांनी आरतीपर्यंत रूम ट्रॅक 150 मिलिसेकंद मागे पडतो आणि पखवाजाची थाप चक्क डबल ऐकू येते! दोन्ही 48 किलोहर्ट्झवरच आहेत, म्हणजे दोन मशीनच्या घड्याळांचा फरक असणार. हिशोबाने 0.002 टक्के होतो, तेवढा रूम ट्रॅकचा स्पीड वाढवला तर मधला भागही बसेल का, की प्रत्येक अभंगाला कापून जुळवणंच बरं?

आणि अजून एक, तंतोतंत जुळवल्यावर बुवांचा आवाज जरा पोकळ, डब्यातून आल्यासारखा होतो, तर रूम मुद्दाम 10-15 मिलिसेकंद मागे ठेवता का तुम्ही? सध्या रूम मिक्सरपेक्षा 10 डीबी खाली ठेवून फक्त गजराला वर घेतो.