अनुभव धागा: बोचऱ्या परीक्षणातली बोच काढताना

पानउलट
आज एका शोधनिबंधावरचे परीक्षण वाचताना एक जुना मसुदा आठवला. संपादकांच्या परवानगीने माझी विद्यार्थिनी माझ्यासोबत परीक्षण करत होती आणि तिने लिहिले होते: "लेखकांना संख्याशास्त्राचा गंधही नाही, वीस वेळा जाळे टाकून एक मासोळी लागली आणि तिचीच मिरवणूक काढली आहे." मुद्दा अगदी खरा होता, म्हणूनच तो गमावू न देता वाक्य बदलणे अवघड होते.

आम्ही आधी 'लेखक' हा ज्यांचा विषय आहे ती सगळी विधाने खोडली आणि मागे काय उरते ते पाहिले. 'गंधही नाही' यातून काहीच उरले नाही. मिरवणुकीच्या टोमण्यातून मात्र हे निघाले: "कोष्टक 3 मध्ये 20 तुलना असून प्रत्येकीला 0.05 हीच मर्यादा लावली आहे. खरा फरक कुठेच नसला, तरी अशा 20 तुलनांमध्ये सरासरी एक निकाल निव्वळ योगायोगाने लक्षणीय ठरतो. येथे नेमका एकच निकाल लक्षणीय आहे, त्याचे पी-मूल्य 0.03 आहे, आणि मुख्य निष्कर्ष त्यावरच उभा आहे. बॉनफेरोनी दुरुस्तीनुसार मर्यादा 0.0025 होते व हा निकाल तीत बसत नाही. त्यामुळे उपलब्ध पुराव्यावर हा निष्कर्ष स्वीकारता येत नाही." शिफारस आधीही नकाराची होती, नंतरही नकाराचीच राहिली.

तुम्ही असे मसुदे कसे हाताळले, ते लिहावे.

अर्धविराम
मी सोपा मार्ग काढला आहे. लेखकांसाठीच्या भागात गोड लिहायचे आणि खरे मत संपादकांसाठीच्या गोपनीय रकान्यात मांडायचे. कोणी दुखावत नाही.

तिसरे_वाचन
अर्धविराम, मी काही वर्षे संपादनाचे काम केले आहे आणि या मार्गाने आमची फार पंचाईत होते. लेखकांच्या हाती 'लेख वाचनीय आहे, किरकोळ सुधारणा कराव्यात' असे परीक्षण पडते आणि त्यासोबत आमचे नकाराचे पत्र जाते, तेव्हा नकाराचे कारण त्यांना कुठेच सापडत नाही. नकार ज्या दोषावर आधारलेला आहे, तो लेखकांना दिसणाऱ्या भागातच असला पाहिजे. तुमचे म्हणणे एका बाबतीत मात्र योग्य आहे: एकच छायाचित्र दोन वेगळ्या प्रयोगांचे म्हणून छापलेले दिसले, तर 'ही लबाडी आहे' असे लेखकांना न लिहिता कोणत्या दोन आकृत्या जुळतात एवढेच संपादकांना गोपनीयपणे कळवावे. हेतूचा निवाडा परीक्षकाने करायचा नसतो.

अर्धविराम
हे पटले, पण पहिले वाक्य तरी कौतुकाचे असावे, यावर मी ठाम आहे.

तिसरे_वाचन
कौतुक खरे असेल तर जरूर असावे. 'नमुना काळजीपूर्वक निवडला आहे' हे तपासता येते. 'अत्यंत स्तुत्य प्रयत्न' असे वाचून लेखक स्वीकृतीची वाट पाहू लागतात.

शाईचा_डाग
माझी बाजू उलटी आहे, धाग्यात बसते की नाही माहीत नाही. मला आलेल्या परीक्षणात 'ही भाषा ज्यांची मातृभाषा आहे अशा कोणाकडून लेख तपासून घ्या' एवढेच होते. माझी ती मातृभाषाच आहे! याला उत्तर काय द्यावे?

पानउलट
शाईचा_डाग, मातृभाषेचा उल्लेखही न करता 'कोणती वाक्ये अस्पष्ट आहेत ते कळवल्यास दुरुस्त करू' असे लिहावे. परीक्षकाने मुळात तेच सांगायला हवे होते, उदाहरणार्थ 'पद्धती विभागातील दुसऱ्या परिच्छेदात "ते" हे सर्वनाम रुग्णांना उद्देशून आहे की डॉक्टरांना, हे कळत नाही.' लेखक कोण असावा याचा अंदाज बांधून दिलेला शेरा सभ्य शब्दांत असला, तरी तो व्यक्तीवरचाच असतो.

कोरा_समास
टोमणे बहुधा प्रश्नाच्या वेषात येतात, असे मला दिसले आहे. 'लेखकांनी स्वतःचे कोष्टक वाचले आहे काय?' हे खोडताना मी 'गोषवाऱ्यात 112 सहभागी आहेत, कोष्टकात 108. चौघे कुठे वगळले?' असे लिहिले. हाही प्रश्नच आहे, पण याला उत्तर देता येते. (मूळ वाक्य वहीत जपून ठेवले आहे, ते फार सुरेख होते.)

अर्धविराम
वही कधीतरी दाखवा! माझी एक शंका मात्र उरतेच. पानउलट यांचे नवे वाक्य मला जुन्यापेक्षा अधिक जिव्हारी लागले असते, कारण टोमण्यावर निदान रागावता तरी येते.

पानउलट
विद्यार्थिनीही हेच म्हणाली होती. तिला तेव्हा पटवता आले नाही आणि आजही माझ्याकडे याचे पुरते उत्तर नाही. एवढेच सांगतो की त्या वाक्याला लेखक दुरुस्त केलेले कोष्टक पाठवून प्रत्युत्तर देऊ शकत होते.